साबणाची वडी दुकानात ठेवायची तर होलसेल रेट कसा काढायचा (साताऱ्यातल्या माझ्या हिशोबावरून)

घरी हातानं साबण बनवणाऱ्या बऱ्याच जणी मला विचारतात की ताई दुकानदार ३५ टक्के मार्जिन मागतोय, देऊ का? मी उलट विचारते की तुझी वडी तुला कितीला पडते, आणि तो ३५ टक्के कशावर मागतोय? या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना हो म्हटलं की काय होतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडे तेलाचे भाव वेगळे असतील तर तुमचे आकडे घाला, पण पद्धत हीच ठेवा.

सुरुवातीला मी असं केलं होतं. तेल, कॉस्टिक, सुगंध आणि बॉक्स धरून वडी ४० रुपयांना पडते असं काढलं, त्याची दुप्पट केली, एमआरपी ८० छापली. प्रदर्शनात ८० ला एक वडी गेली की ४० रुपये सुटतात असं वाटायचं आणि खरंच बरं वाटायचं. मग राजपथाजवळच्या एका दुकानात माल घेऊन गेले. काकांनी वडी हातात घेतली, वास घेतला, मागच्या बाजूला एमआरपी बघितली, एका जुन्या बिलाच्या पाठीवर पेननं ८० लिहिलं, त्यातून २८ वजा केले आणि ५२ ला गोल केला. म्हणाले, "ताई, ५२ ला पडली तर ठेवतो, पस्तीस टक्क्यांच्या खाली मला हा माल परवडत नाही." मी मनात म्हटलं ४० ची वस्तू ५२ ला जातेय, १२ रुपये सुटतायत, चला. चार महिन्यात दीडशे वड्या गेल्या, दुकानातून फोन येत होते, आणि तरी पुढच्या बॅचचं तेल आणायला मला घरखर्चातून पैसे काढावे लागत होते. हीच ती खूण आहे, माल खपतोय आणि तेलाला पैसे नाहीत. असं झालं की समजायचं होलसेल रेट पडत्या किमतीच्या, म्हणजे वडी आपल्याला जितक्याला पडते त्याच्या, खाली गेलाय.

आधी वडी खरी कितीला पडते ते काढा

मी १ किलो तेलाची बॅच धरते, कोल्ड प्रोसेसची. कॉस्टिक आणि पाणी धरून भांड्यात साधारण १४०० ग्रॅमच्या वर मिश्रण होतं, थोडं भांड्याला चिकटून जातं, थोडं कडा कापताना. ओली वडी मी ११५ ग्रॅमची कापते कारण पाच-सहा आठवडे क्युरिंगला ठेवली की पाणी उडून ती १०० च्या आसपास येते. म्हणजे १२ वड्या. पण हिशोब १२ नं नाही, ११ नं करायचा! एक वडी कायम जाते, कधी दुकानात वास घ्यायला उघडी ठेवायला, कधी सॅम्पलचे तुकडे करायला, कधी कोपरा तुटतो. पहिल्या वर्षी मी १२ नं भागत होते, तिथंच दोन-अडीच रुपये हरवत होते.

आता माझं कच्चं सामान बघा. खोबरेल, राईस ब्रॅन, सूर्यफूल आणि एरंडेल मिळून तेलाचे २६० रुपये, कॉस्टिकचे १५, सुगंधी तेलाचे ६०, हळद वगैरेचे ५. झाले ३४०. भागिले ११, म्हणजे वडीमागे ३१ रुपये. बॉक्स ६, लेबल २, आत बटर पेपर १, हे ९. इथपर्यंत ४०, आणि बहुतेक जणी इथंच थांबतात.

यात स्वतःचे हात धरायचे राहतात. वजनं करणं, मिसळणं, साच्यात ओतणं, भांडी घासणं यात तासभर जातो, दुसऱ्या दिवशी कापायला वीस मिनिटं, आणि क्युरिंग झाल्यावर बॉक्स भरून लेबल लावायला चाळीस मिनिटं. दोन तास झाले. मी तासाला ६० रुपये धरते, तुम्ही जास्त धरा पण शून्य धरू नका, कारण उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारच्या वहिनींना पॅकिंगला बोलवलं तर त्यांना पैसे द्यावेच लागणार आहेत. १२० भागिले ११, म्हणजे ११ रुपये. मग साचे, वजनकाटा, लाईट, टेस्टिंग आणि परवान्याचा खर्च असा सगळा वर्षाचा मिळून वडीमागे ४ रुपये मी धरते. (अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनात येतो, तो बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, चांगला दुकानदार तो बघायला मागतो.) तर ३१, ९, ११ आणि ४ मिळून वडी पडली ५५ ला.

आता ते ५२ परत बघा. मी प्रत्येक वडीमागे ३ रुपये घालून दीडशे वड्या दुकानात पोचवल्या होत्या, आणि त्याला मी धंदा म्हणत होते.

मार्जिन कशावर, हे तोंडानं विचारून घ्या

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो, आणि दुकानदार फसवतो असंही नाही, दोघं वेगळी भाषा बोलत असतात. आपण बनवणारे खालून वर चढतो, म्हणजे ८० ला देणार, त्यावर ३५ टक्के चढवले, १०८ झाले, एमआरपी १०८. दुकानदार वरून खाली उतरतो, तो एमआरपी बघतो आणि त्यातून ३५ टक्के आतून काढतो. १०८ मधून ३५ टक्के काढले तर जवळपास ३८ रुपये जातात आणि तुमच्या हातात ७० पडतात, ८० नाही. शब्द दोघांचा एकच, "पस्तीस टक्के", आणि फरक वडीमागे १० रुपये. तुमचा सगळा नफा तेवढाच असतो बहुतेक वेळा.

म्हणून सरळ विचारायचं, "काका, पस्तीस एमआरपीवर का खरेदीवर?" साताऱ्यात मी ज्या ज्या दुकानात गेले तिथं एमआरपीवरच धरतात असा माझा अनुभव, पण एका मेडिकलवाल्या दादांनी खरेदीवर २५ मागितले होते आणि मी उगाच घाबरून नाही म्हणून आले. खरेदीवर २५ म्हणजे एमआरपीवर २० च होतात, तो तर सगळ्यात स्वस्त सौदा होता.

एमआरपी काढताना चढवायचं नाही, भागायचं. दुकानदाराला ३० द्यायचे असतील तर आपला होलसेल रेट ०.७० नं भागा, ३५ द्यायचे तर ०.६५ नं, ४० द्यायचे तर ०.६० नं. मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर एका ओळीचं काम आहे:

होलसेल रेट ÷ (१ − मार्जिन) = एमआरपी
८० ÷ ०.६५ = १२३

माझं असं झालं. पडते ५५ ला, मला दुकानातून वडीमागे २५ सुटायला हवेत कारण त्यातूनच पोचवणं, तुटफूट, अडकलेले पैसे आणि पुढच्या बॅचचं भांडवल निघतं, म्हणून होलसेल ८०. भागिले ०.६५ केलं, १२३ आले, मी एमआरपी १२५ छापली आणि दुकानाला ८१ नं देते. ८० ची वडी एकदम १२५ ला, आता कोण घेणार असं वाटून मला दोन रात्री झोप नव्हती. काही गिऱ्हाईक तुटलं, खोटं कशाला सांगू. पण जे राहिलं त्यातून तेलाचे पैसे निघायला लागले.

दुकानदाराला एवढं का लागतं

हे समजून घेतलं की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. त्यांच्या फळीवर मोठ्या कंपनीचा ४० रुपयाचा साबण असतो, त्यात त्यांना समजा दहा टक्के, म्हणजे ४ रुपये सुटतात. पण तो महिन्याला ६० जातो, न बोलता जातो, म्हणजे २४० रुपये. आपली वडी त्यांना १२५ मागे ४४ देते पण महिन्याला सहाच गेल्या तर २६४ होतात, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला हे काय आहे, फेस येतो का, लहान मुलाला चालेल का, हे काकांनाच सांगत बसावं लागतं. जागा तेवढीच अडते. म्हणजे महिन्याच्या हिशोबात ते जवळपास तिथंच असतात. म्हणून टक्क्यावर भांडण्यापेक्षा मी त्यांचं बोलणं कमी करायला बघते, एक उघडी वडी वास घ्यायला आणि एक छोटं कार्ड, त्यात काय तेल आहे आणि साबण पाणी निथळणाऱ्या साबणदाणीत ठेवा एवढंच. ज्या दुकानात खप सहावरून दहावर गेला तिथं काकांनी स्वतःहून ३५ चे ३२ केले, मी मागितले पण नव्हते.

टक्क्याबाहेर जे जातं ते

रेट ठरला की मग हळूच बाकीच्या गोष्टी येतात. "दहावर एक फ्री द्या ना ताई." ऐकायला एक वडी वाटते. ८१ नं दहा वड्यांचे ८१० घेतले आणि ११ दिल्या, तर रेट झाला साडेत्र्याहत्तर. वडीमागे साडेसात गेले, २६ चे साडेअठरा राहिले. द्यायची असेल तर द्या, मी पण दिवाळीच्या आधी देते, पण त्या महिन्यापुरती आणि रोखीवर, कायमची सवय लावायची नाही.

दुसरं उधारी. साबणात हे जास्त बोचतं कारण आपला माल आधीच पाच-सहा आठवडे घरातल्या रॅकवर बसलेला असतो. आज तेल आणलं, चाळीस दिवसांनी वडी दुकानात गेली, दुकानदारानं दीड महिन्यानं पैसे दिले, म्हणजे आजच्या तेलाचे पैसे जवळपास तीन महिन्यांनी परत. म्हणून नवीन दुकानाला पहिला माल मी दोन डझनच देते, पुढचा माल मागच्याचे पैसे आल्यावर. ते "विकेल तसे पैसे" म्हणाले तर त्याला मार्जिन वेगळं सांगायचं, रोख घेणाऱ्याला ३५ आणि ठेवून विकणाऱ्याला २५, कारण तिथं जोखीम सगळी माझी असते, ऊन लागून रंग उडाला, वास गेला, बॉक्सला धूळ बसली तर तो माल माझ्याकडेच परत येतो. आणि किती ठेवल्या ते वहीत लिहून सही घ्यायची, ओळखीचं दुकान असलं तरी.

तिसरं लांबचं दुकान. पाचगणीतल्या एका दुकानानं ४५ टक्के मागितले, पर्यटकांचा बाजार आहे, भाडं जास्त, सीझन थोडा, त्यांचंही खोटं नव्हतं. पण १२५ मधून ४५ टक्के गेले की मला ६९ च मिळतात, म्हणजे १४ सुटतात, आणि वाईवरून पसरणीचा घाट चढून जाऊन परत यायला गाडीला सव्वादोनशेचं पेट्रोल. ४८ वड्या नेल्या तरी वडीमागे साडेचार पाच रुपये रस्त्यातच गेले, उरले नऊ. एकाच वडीवर पाचगणीसाठी वेगळी जास्त एमआरपी छापावी असा मोह होतो, तो करू नका, एकाच मालावर दोन एमआरपी कायद्यात बसत नाही आणि गिऱ्हाईकाच्या लक्षात आलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी तिथं माल बदलला. सुटी वडी न देता तीन वड्यांचा भेट देण्याजोगा बॉक्स केला, आतल्या वड्यांना वेगवेगळे बॉक्स नाहीत, नुसता बटर पेपर आणि छोटी पट्टी, त्यामुळे वडी ४८ ला पडली. तीन वड्यांचे १४४ आणि चांगल्या बॉक्सचे २६ मिळून १७०. एमआरपी ४२५. त्यातून ४५ टक्के गेले तरी मला २३३ मिळतात, ६३ सुटतात. एका फेरीत वीस बॉक्स नेले तर पेट्रोलचे अकरा जाऊन ५२, म्हणजे वडीमागे सतरा. घरी न्यायला काहीतरी हवं असणारा माणूस तो बॉक्स घेतो, आणि दुकानदाराला त्याचे ४५ मिळतात.

स्वतः विकताना दुकानाच्या खाली जाऊ नका

ही माझी दुसरी मोठी चूक. एका प्रदर्शनात गर्दी बघून मी १२५ ची वडी १०० ला लावली, दिवसभरात चांगल्या खपल्या. पुढच्या आठवड्यात राजपथावरच्या काकांचा फोन आला, आवाज चढलेला नव्हता पण दुखावलेला होता, म्हणाले, "एक बाई आल्या, म्हणाल्या हीच वडी प्रदर्शनात शंभरला मिळाली, तुम्ही पंचवीस जास्त घेता. ताई, मी तुमच्या मालाची जाहिरात करायची आणि चोर पण मीच ठरायचं का?" उरलेला सगळा माल त्यांनी परत दिला. त्यांची बाजू शंभर टक्के बरोबर होती. आपण थेट विकतो तेव्हा वरचे ४४ रुपये फुकटचे नसतात, तेव्हा दुकानदार आपण असतो, स्टॉलचं भाडं, दोन दिवस उभं राहणं, बोलणं हे सगळं त्यातून भागवायचं असतं. आता सगळीकडे १२५ च, घरी आलेल्या मैत्रिणीला पण. काही द्यावंसं वाटलं तर कापताना उरलेल्या कडांचे तुकडे छोट्या पुडीत घालून देते.

१२५ जमतच नसेल तर

पहिला विचार येतो वडी लहान करू. मी करून बघितलं. ७५ ग्रॅमची केली तर सामान ३१ वरून २३ वर आलं, पण बॉक्स तेवढाच, हात तेवढेच, वरचे ४ तेवढेच, वडी पडली ४७ ला. पाव भाग वडी कमी केली आणि खर्च सातवा हिस्साच कमी झाला, गिऱ्हाईकाला मात्र ती लगेच लहान दिसते. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. एकदम ४ किलो तेलाची बॅच केली तर आठ तासांचं काम चार-साडेचार तासात होतं, वडीमागची मजुरी ११ ची ६ होते. आणि बॉक्सऐवजी कागदी पट्टा लावला तर ९ चे ४ होतात. ५५ ची वडी ४५ ला येते, होलसेल ७० ठेवलं तरी २५ सुटतात आणि एमआरपी ७० भागिले ०.६५, म्हणजे ११० पर्यंत उतरते. फक्त पट्टा लावलेली वडी पावसाळ्यात ओलसर हवेत घाम धरते, जून ते सप्टेंबर मी बॉक्सच वापरते.

जीएसटी आणि लेबल, थोडक्यात

फक्त माल महाराष्ट्रातच विकत असाल आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलात टॅक्स लावता येत नाही, आणि तेलावर-बॉक्सवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही, तो तुमच्या पडत्या किमतीत धरा. नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या वडीवर १८ च्या जागी ५ टक्के आहे, आणि एमआरपी सगळे टॅक्स धरूनच असते, म्हणजे १२५ मधले जवळपास ६ रुपये टॅक्सचे. दुकानाचं मार्जिन टॅक्स धरलेल्या एमआरपीवर की टॅक्स वगळून, हे पण तेव्हाच विचारून घ्या.

लेबल एकदम हजार छापू नका, स्वस्त पडतात म्हणून मी छापली होती. २०२५ मध्ये खोबरेल कसं चढलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. माझ्या वडीत साधारण ३६ ग्रॅम खोबरेल असतं, किलोला १०० रुपये वाढले की वडी साडेतीन रुपयांनी महागते, आणि छापलेल्या एमआरपीवर वाढीव किमतीचं स्टिकर चिकटवता येत नाही. आता मी तीन महिन्यांपुरतीच लेबलं छापते, आणि दर तीन महिन्यांनी तेलाची बिलं काढून वडी कितीला पडते ते परत मांडते. रेट वाढवायचा असेल तर दुकानदाराला एक महिना आधी सांगते आणि त्यांच्याकडचा जुना माल जुन्याच रेटचा राहू देते.

राजपथावरचे काका सहा महिन्यांनी परत घ्यायला लागले. मी गेले तेव्हा १२५ चं लेबल बघून त्यांनी परत एक बिल उलटं केलं, १२५ मधून ४४ वजा केले, ८१ ला गोल केला, आणि विचारलं, "आता तुम्हाला सुटतात ना ताई?" मी वही उघडून त्यांना ५५ चा हिशोब दाखवला. त्यांनी दोन डझन ठेवून घेतल्या, रोखीनं.